किलोंची हमी न देणारा परिचय

आहारतज्ज्ञाची पाटी, माहितीपत्रक किंवा मोबाइलवर पुढे पाठवलेला परिचय हाती आला की बहुतेकांची नजर आधी आकडा शोधते. ‘एका महिन्यात ८ किलो’, ‘९० दिवसांत १५ किलो’, ‘उतरले नाही तर पैसे परत’. शिक्षण कुठे झाले, नोंदणी आहे का, पहिल्या भेटीत काय विचारले जाते, या गोष्टी खाली बारीक अक्षरांत असतात. पुष्कळदा त्या नसतातच. आकडा देणाऱ्याकडे गर्दी होते आणि न देणाऱ्याला ‘मग तुमच्याकडे येऊन उपयोग काय?’ हे ऐकून घ्यावे लागते.

या प्रश्नाला तीन बाजू आहेत. शरीर असा आकडा पाळते का, कायदा तो छापू देतो का, आणि आकडा काढून टाकल्यावर परिचयात सांगण्यासारखे काय उरते. तिसऱ्या बाजूची चर्चा सर्वांत कमी होते. खरे तर ग्राहकाच्या उपयोगाची माहिती तिथेच असते.

महिन्यात आठ किलो म्हणजे किती?

समजा, सांगलीतल्या ४२ वर्षांच्या एक बाई आहेत. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७२ किलो. बँकेत बसून काम, सकाळी घरची धावपळ, संध्याकाळी जमेल तेव्हा फिरणे. आहारशास्त्रात नेहमी वापरल्या जाणाऱ्या सूत्राने काढले तर अशा बाईंचे शरीर पूर्ण विश्रांतीत दिवसाला साधारण १,३०० कॅलरी खर्च करते. बैठ्या दिनक्रमातल्या हालचाली धरून हा खर्च १,८५०च्या आसपास जातो.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरींचा साठा. आठ किलो म्हणजे ६१,६०० कॅलरी, आणि तीस दिवसांत विभागल्या तर रोज २,०५० कॅलरींची तूट. बाईंचा दिवसाचा सगळा खर्चच १,८५० आहे. म्हणजे महिनाभर अन्नाचा कणही पोटात गेला नाही, तरी आठ किलो चरबी उतरण्याइतकी तूट पडत नाही.

तरीही काट्यावर मोठा आकडा उतरलेला दिसतो, आणि त्यात नेहमीच फसवाफसवी असते असे नाही. यकृतात आणि स्नायूंत मिळून चारपाचशे ग्रॅम ग्लायकोजेन असते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. भात, पोळी, भाकरी एकदम बंद केली की हा साठा रिकामा होतो, पाणी जाते आणि पहिल्या आठवड्यातच दीडदोन किलो ‘उतरतात’. मीठ कमी केले की आणखी थोडे पाणी जाते. आहारात प्रथिने अपुरी असतील आणि व्यायाम नसेल तर स्नायूही झिजतात. लग्नकार्यात दोन दिवस नीट जेवले की यातले पाणी जसेच्या तसे परत येते. ‘सोडलं की लगेच वाढतं’ ही तक्रार पुष्कळदा इथली असते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मार्गदर्शिकेत आठवड्याला अर्धा किलो घट सुरक्षित मानली आहे आणि वजन कमी करण्याचा आहार दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली जाऊ नये असे म्हटले आहे. महिन्याला आठ किलोंची जाहिरात या मर्यादेच्या चौपट जाते.

माफक आकडाही का छापू नये?

इथे एक रास्त शंका येते. आठ किलोंचा आकडा खोटा असेल, पण ‘महिन्याला दोन किलो’ तर मार्गदर्शिकेत बसतो. तो छापायला काय हरकत आहे?

त्याच बाईंना आहारतज्ज्ञाने १,४०० कॅलरींचा आहार दिला असे धरू. रोजची तूट ४५० कॅलरी. जुन्या हिशेबाने वर्षाला १,६४,२५० कॅलरी, म्हणजे २१ किलो. मॅक्स विश्नॉफ्स्की या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ साली मांडलेला हा सरळ भागाकार अजूनही अनेक तक्त्यांत सापडतो. त्यात धरलेले नाही ते असे की वजन उतरत गेले की शरीराचा खर्चही उतरत जातो. केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये हा हिशेब नव्याने मांडला. त्यांच्या ढोबळ नियमाप्रमाणे रोजच्या आहारात साधारण २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला तर शेवटी एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा फरक पहिल्या वर्षात दिसतो आणि जवळजवळ सगळा दिसायला तीन वर्षे लागतात. आपल्या बाईंना हा नियम लावला तर पहिल्या वर्षाची घट येते साडेनऊ किलोंच्या आसपास. जुन्या हिशेबाच्या निम्मीसुद्धा नाही. आणि तीही वर्षभर एकही दिवस न चुकता ठरलेले खाल्ले तर. गणपती, दिवाळी, भावाकडचे लग्न आणि मार्चअखेरचे बँकेतले जेवणाचे डबे यात धरलेले नाहीत.

त्याहून मोठी अडचण अशी की हे सगळे आकडे सरासरीचे आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांवर वर्षभराचा अभ्यास केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध केला. अर्ध्यांना कमी स्निग्ध पदार्थांचा आहार, अर्ध्यांना कमी कर्बोदकांचा. वर्षअखेरीस दोन्ही गटांची सरासरी घट पाच ते सहा किलो, आणि दोघांमधला फरक नगण्य. पण प्रत्येक गटाच्या आत पाहिले तर कुणाचे तीस किलो उतरले होते आणि कुणाचे दहा किलो वाढले होते. सल्ला तोच, शिकवणारे तेच, वर्ष तेच. यातली आपली ग्राहक कुठल्या टोकाला असेल हे परिचय लिहिताना कुणालाच माहीत नसते. थायरॉइड, पाळीची अनियमितता, स्टिरॉइड, इन्सुलिन, मानसिक आजारांवरची काही औषधे, रात्रपाळी, घरात स्वयंपाक कोणाच्या हातात आहे, या सगळ्यांचा परिणाम त्या आकड्यावर होतो. ग्राहकाला पाहण्याआधी छापलेला किलोंचा आकडा म्हणूनच अंदाजाच्याही पात्रतेचा नसतो.

काटा हलला नाही तरी

आपल्याकडच्या लोकांबाबत आणखी एक गोष्ट आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. काट्याच्या दृष्टीने दोघे सारखे, आतून मात्र फार वेगळे. भारतीयांमध्ये बारीक दिसणाऱ्या अंगातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह कमी वजनातच गाठतो, हे याज्ञिक यांच्या संशोधनातून पुढे आले. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २५ऐवजी २३ बीएमआयवर आणि कमरेच्या घेराची पुरुषांसाठी ९० व स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरवर धरतात ती यामुळेच.

चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांवर केलेला अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले. विशेष म्हणजे या गटाचे वजन फारसे उतरले नव्हते. फक्त किलोंवर पैज लावणाऱ्या आहारतज्ज्ञाच्या हिशेबात हे सगळे लोक ‘अपयशी’ ठरले असते.

कायद्याची बाजू

ब्रिटनमध्ये जाहिरातींची जी आचारसंहिता आहे तिच्यात हा मुद्दा थेट लिहिला आहे. ठरावीक काळात ठरावीक वजन उतरेल असा दावा जाहिरातीत करता येत नाही. एखाद्या व्यक्तीचे नेमके किती उतरले हे सांगायचे तर त्याला किती काळ लागला ते द्यावे लागते, आणि ते उदाहरण अपवादात्मक असून चालत नाही.

आपल्याकडे इतका नेमका नियम नाही, पण मोकळे रानही नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीच्या व्याख्येत वस्तू किंवा सेवेबद्दलची खोटी हमी येते, आणि अशी जाहिरात थांबवण्याचा आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण देऊ शकते. औषधे व जादुई उपायांच्या जाहिरातींवरच्या १९५४च्या कायद्याच्या यादीत लठ्ठपणा आणि मधुमेह दोन्ही आहेत. तो कायदा साध्या आहारसल्ल्याला लागू होत नाही, पण आहारतज्ज्ञ सल्ल्याबरोबर ‘चरबी जाळणारा’ काढा किंवा गोळ्या विकू लागला की त्याची सावली पडते. ऑगस्ट २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यविषयक प्रसारासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार प्रमाणपत्रधारक तज्ज्ञांनी आरोग्याविषयी बोलताना आपली पात्रता जाहीर करायची आहे. आकड्याला अटकाव आणि पात्रता उघड करण्याचा आग्रह, असा हा कल आहे.

नावापुढची अक्षरे

आकडा गेला की परिचयात सर्वांत आधी पात्रता येते, आणि मराठी परिचयपत्रांत सर्वाधिक धूसर तीच असते. ‘सर्टिफाइड न्यूट्रिशनिस्ट’, ‘वेलनेस कोच’, ‘डाएट एक्स्पर्ट’ ही बिरुदे दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सनंतरही लावलेली दिसतात आणि पाच वर्षांच्या शिक्षणानंतरही. वाचणाऱ्याला फरक कळायचा तर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात.

पहिली, पदवी आणि ती देणारी संस्था. मुंबई आणि पुण्यात एसएनडीटी महिला विद्यापीठ, मुंबईत निर्मला निकेतनचे गृहविज्ञान महाविद्यालय अशा ठिकाणी पोषण आणि आहारशास्त्राचे पूर्णवेळ शिक्षण मिळते. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचा या विषयातला पदव्युत्तर अभ्यासक्रमही आहे. पदवी, विषय, विद्यापीठ आणि वर्ष एका ओळीत लिहिले की पडताळता येते. पीएच.डी. असेल तर ‘डॉ.’ लावावे, पण कंसात ‘पीएच.डी., पोषणशास्त्र’ असे लिहावे. नाहीतर समोरची व्यक्ती औषधे लिहून देणारी आहे असा ग्राहकाचा समज होतो, आणि हा गैरसमज मधुमेहाच्या रुग्णाला महागात पडू शकतो.

दुसरी, हॉस्पिटलमधली इंटर्नशिप. वर्गात शिकलेला आहार आणि डायलिसिसवरच्या रुग्णाला प्रत्यक्ष द्यायचा आहार यांतले अंतर तिथे कळते. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला पालेभाजी उकळून, पाणी फेकून द्यायला सांगावे लागते. नारळपाणी ‘आरोग्यदायी’ म्हणून सुचवले तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. हे एकदा वॉर्डात पाहिलेला माणूस विसरत नाही.

तिसरी, नोंदणी. इंडियन डायटेटिक असोसिएशन १९६३पासून काम करते आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना ‘रजिस्टर्ड डाएटिशियन’ ही ओळख मिळते. क्रमांक असतो, नूतनीकरण असते. पण ही व्यावसायिक संघटनेची नोंदणी आहे. डॉक्टरांसारखी वैधानिक नोंदणी देशात नव्हती. ‘राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१’ने ती वाट उघडली. या कायद्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत. राज्य परिषदा आणि त्यांची नोंदपुस्तके पूर्ण उभी राहीपर्यंत मात्र ग्राहकाच्या हाती आहारतज्ज्ञाने स्वतः लिहिलेला परिचयच राहतो. म्हणून त्यातले प्रत्येक वाक्य पडताळता येईल असे असायला हवे.

पद्धत म्हणजे काय लिहायचे?

‘समतोल आहार’, ‘घरचेच पदार्थ’, ‘उपाशी न राहता’ ही वाक्ये प्रत्येक परिचयात असतात, त्यामुळे त्यांतून काहीच कळत नाही. पद्धत कळते ती पहिल्या भेटीत काय विचारले जाते यावरून.

कसलेला आहारतज्ज्ञ पहिल्या भेटीला पाऊण ते एक तास देतो. कालचा पूर्ण दिवस काय खाल्ले हे सकाळच्या चहापासून विचारतो, आणि मग तीन दिवसांची नोंद मागतो. त्यात एक रविवार असतोच, कारण सोमवार-मंगळवारची पाने सगळ्यांचीच सोज्वळ असतात. वाटी केवढी, पळी केवढी, भाकरी हातावरची की परातीतली, हे तो वस्तू दाखवून ठरवतो.

तेलाबद्दल तो ‘किती घालता?’ असे विचारत नाही. त्याचे उत्तर ‘अगदी थोडं’ हेच येते. तो विचारतो, महिन्याला तेल किती आणता आणि जेवणारे किती. चार माणसांत पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी दिवसाला ३८ ग्रॅम तेल पोटात जाते, म्हणजे सुमारे ३४० कॅलरी. त्यात शेंगदाण्याचे कूट, खोबरे आणि बाहेरचे वडे धरलेले नाहीत. महिन्याचे दीड लिटर तेल कमी झाले तर ताटातला एकही पदार्थ न बदलता माणशी रोजच्या १०० कॅलरी वाचतात. ‘मी किराणा यादीपासून सुरुवात करते’ हे एक वाक्य परिचयात आले तर त्यातून पद्धत दिसते.

मग तपासण्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, तीन महिन्यांची सरासरी साखर, लिपिड, क्रिएटिनिन, शाकाहारी असतील तर बी-१२. आहारतज्ज्ञ त्यांवरून निदान करत नाही, पण अहवाल न पाहता आहार देणे घातक ठरू शकते. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवणातली कर्बोदके एकदम निम्म्यावर आणली तर साखर खूप खाली जाऊन घाम, थरथर, कधी बेशुद्धी येऊ शकते. तिथे आधी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवावी लागते. म्हणून ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ हा प्रश्न न विचारणाऱ्याकडून तक्ता घेऊ नये.

शेवटी, काय मोजणार ते. वजन मोजायला हरकत नाही, मात्र ते आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच काट्यावर आणि चार आठवड्यांचा कल पाहण्यासाठी. त्याच्या जोडीला कमरेचा घेर, रक्तदाब, तीन महिन्यांनी साखर, जिना चढतानाची धाप, दुपारी चारची भूक, झोप. यांपैकी काही सुधारते आहे आणि काटा थांबला आहे, अशी अवस्था वारंवार येते. परिचयात ही मोजमापे आधीच लिहिलेली असतील तर सहाव्या आठवड्यात ग्राहक निराश होऊन पाठ फिरवत नाही.

एकाच व्यक्तीचे दोन मसुदे

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. जिल्ह्याच्या गावी नव्याने दवाखाना काढलेल्या आहारतज्ज्ञ बाईंचा पहिला मसुदा असा:

‘वजन कमी करायचंय? आता चिंता सोडा! प्रसिद्ध डाएट एक्स्पर्ट यांच्याकडून १०० टक्के नैसर्गिक पद्धतीने महिन्याला ५ ते ८ किलो वजन कमी करा. शेकडो समाधानी ग्राहक. थायरॉइड, पीसीओडी, मधुमेह मुळापासून बरा. आजच नाव नोंदवा.’

यात तपासता येईल असे एकच विधान आहे, किलोंचे, आणि ते खोटे ठरणारे आहे. बाकीच्या कशाचा पडताळा घेता येत नाही. ‘मुळापासून बरा’ हे तर आहारतज्ज्ञाच्या अधिकाराबाहेरचे वाक्य.

दुसरा मसुदा:

‘मी क्लिनिकल न्यूट्रिशन व आहारशास्त्रात एम.एस्सी. आहे (विद्यापीठ, वर्ष). हॉस्पिटलमध्ये सहा महिन्यांची इंटर्नशिप आणि नंतर चार वर्षे मधुमेह व मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी काम केले (हॉस्पिटलचे नाव). इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी आहे (क्रमांक, मुदत). मी वैद्यकीय डॉक्टर नाही. औषधे देत नाही आणि चालू औषधे बदलत नाही.

पहिल्या भेटीला एक तास लागतो. येताना गेल्या सहा महिन्यांतले रक्ताचे अहवाल, चालू गोळ्या आणि महिन्याच्या किराणा सामानाची यादी आणावी. तक्ता दुसऱ्या भेटीत मिळतो, तुमची तीन दिवसांची नोंद पाहून. घरात जे शिजते त्यातच बदल सुचवते. पावडर, गोळ्या किंवा तयार डबे विकत नाही.

किती वजन उतरेल हे मी आधी सांगत नाही, कारण ते शरीर, औषधे आणि दिनक्रम यांवर ठरते. पहिल्या भेटीनंतर आपण दोघी मिळून लक्ष्य ठरवतो. वजनाबरोबर कमरेचा घेर, रक्तदाब आणि साखर पाहतो. सहा आठवड्यांत काहीच बदल दिसला नाही तर आहार पुन्हा तपासते आणि गरज वाटल्यास डॉक्टरांकडे पाठवते. गर्भवती, अठरा वर्षांखालील मुले आणि जेवणानंतर उलटी काढणे किंवा उपाशी राहणे अशी सवय असलेल्यांना वजन कमी करण्याचा आहार देत नाही. त्यांच्यासाठी डॉक्टरांसोबत वेगळी योजना करते. फी भेटीप्रमाणे आहे, आगाऊ पॅकेज नाही.’

हा मसुदा लांब आहे आणि पाटीवर मावणार नाही. पाटीवर पदवी, नोंदणी क्रमांक आणि ‘भेट वेळ ठरवून’ एवढेच पुरे, बाकीचे माहितीपत्रकात येऊ शकते. दुसऱ्या मसुद्यात सर्वांत बोलके वाक्य सहा आठवड्यांचे आहे. उपाय चालला नाही तर काय करणार, हे आधी सांगणाऱ्याने तो न चालण्याची शक्यता मान्य केलेली असते. नकारांची यादीही तशीच. कोणाला घेणार नाही हे लिहिल्याने ग्राहक कमी होतात, पण ज्यांना अपाय झाला असता नेमके तेच कमी होतात.

आकडा समोरच्या दाराने गेला तरी मागच्या दाराने येतो, हेही पाहायला हवे. ‘इंच लॉस’, ‘एक्सएलवरून एमवर’, ‘९५ टक्के यश’ ही त्याची सोंगे. ‘यश’ म्हणजे काय, कोणात मोजले, मध्येच सोडून गेलेले धरले का, हे सांगितले नसेल तर टक्केवारी पोकळ आहे. आधी-नंतरचे फोटो त्याच जातीचे. ते सर्वांत चांगल्या निकालांतून निवडलेले असतात, प्रकाश आणि उभे राहण्याची ढब बदललेली असते, आणि तीन वर्षांनी तीच व्यक्ती कशी आहे हे कधी दिसत नाही. मोठ्या आकड्याखाली ‘परिणाम व्यक्तीनुसार बदलतील’ अशी मुंगीएवढी ओळ टाकून दोष जात नाही. बदलणारच असतील तर वरचा आकडा कशासाठी?

तीन मते आणि ग्राहकाचा प्रश्न

व्यवसायात या बाबतीत एकमत नाही. एक मत असे की आकड्याशिवाय माणूस दारात पाऊल ठेवत नाही, आणि तो आलाच नाही तर चांगला सल्ला देणार कोणाला? दुसऱ्या टोकाचे मत असे की वजनाचा विषयच काढू नये, कारण काट्याच्या धाकाने लोक उपास आणि खाखा यांच्या फेऱ्यात अडकतात. फक्त खाणे, हालचाल आणि झोप यांवर बोलावे. तिसरे मत मधले आहे. वजन हे अनेक मोजमापांतले एक म्हणून ठेवावे, त्याची चर्चा खोलीत करावी, जाहिरातीत करू नये.

पहिल्या मतातली व्यवहाराची अडचण खरी आहे, पण ते आपल्याच पायावर धोंडा मारून घेते. आठ किलोंच्या आशेने आलेली बाई दोन किलो उतरल्यावर, म्हणजे उत्तम प्रगती झाली असताना, फसवले गेल्याच्या भावनेने जाते. दुसरे मत खाण्याच्या विकारांच्या रुग्णांसाठी आवश्यक आहे, पण ज्याच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगून पाठवले आहे त्याच्याशी वजनाबद्दल न बोलणे हे टाळाटाळच वाटेल. तिसरे मत मला पटते, एका अटीवर. खोलीत प्रश्न आला की उत्तर द्यायलाच हवे.

आपल्या सांगलीच्या बाई विचारतीलच, “मॅडम, साधारण किती उतरेल?” त्यावर “ते सांगता येत नाही” एवढेच म्हणणे अपुरे आहे. उत्तर असे देता येईल: “ताई, पहिलं लक्ष्य साडेतीन किलोंचं ठेवू. तुमच्या वजनाच्या पाच टक्के. एवढ्यानेही साखर आणि रक्तदाबात बऱ्याच जणांना फरक दिसतो. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला सहा, कुणाचं एवढं होतच नाही. पहिल्या आठवड्यात दीड किलो गेलं तर ते पाणी समजा. तुमचा वेग काय आहे ते सहा आठवड्यांनी तुमच्याच नोंदीवरून सांगेन.” या उत्तरातही आकडे आहेत. पण ते या बाईंचे वजन पाहून, अहवाल वाचून, अटींसह दिलेले आहेत आणि त्यांत ‘होणार नाही’ ही शक्यता उच्चारलेली आहे. छापील हमीत यांपैकी काहीच नसते.

ग्राहकाच्या बाजूने परीक्षा त्यावरूनच ठरते. कुठल्याही आहारतज्ज्ञाला तीन प्रश्न विचारावेत. नोंदणी क्रमांक काय? माझ्या गोळ्यांची यादी पाहणार का? आणि दीड महिन्यात वजन हललेच नाही तर तुम्ही काय कराल? पहिल्या दोन प्रश्नांना रोखठोक उत्तर हवे. तिसऱ्याला ‘असं होतच नाही’ हे उत्तर आले तर फी भरू नये.